स्टेटसची ओळ मराठीत आणली की तिचा सुविचार का होतो?

फ्लेक्सवाली (सोमवार, रात्री १०.१२)

नमस्कार मंडळी. सोलापुरात नव्या पेठेत माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं छोटं दुकान आहे. लग्नाच्या पत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, दुकानांच्या पाट्या असली कामं. मागच्या आठवड्यात एका भरती अकॅडमीचे सर आले. त्यांना रोज पहाटे पोरांच्या ग्रुपवर टाकायला एकेक चित्र हवंय, म्हणजे पोरं तेच उचलून आपल्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ठेवतील. तीस दिवसांच्या तीस ओळी इंग्रजीत देऊन गेले. "मॅडम, मराठी करा, पण दम जायला नको."

मी तीन करून दाखवल्या:

सात वेळा पडा, आठ वेळा उभे राहा.
सातत्य ही यशाची गुरुकिल्ली आहे.
तुम्ही थकल्यावर थांबू नका, तुमचे काम पूर्ण झाल्यावर थांबा.

मूळ ओळी अशा: "फॉल सेव्हन टाइम्स, स्टँड अप एट", "कन्सिस्टन्सी इज द की" आणि "डोन्ट स्टॉप व्हेन यू आर टायर्ड, स्टॉप व्हेन यू आर डन".

सरांनी वाचलं आणि म्हणाले, हे शाळेच्या फळ्यावर 'आजचा सुविचार' लिहितात तसं वाटतंय. राग आला, पण खरं होतं. चूक तर काहीच नाही, मग दम जातो कुठे? भाषांतर करणारं कुणी इथे असेल तर सांगा. शनिवारपर्यंत पहिले सात द्यायचेत.

होटगीकर (सोमवार, रात्री १०.२०)

कशाला एवढं डोकं लावालास बे. "पडलास? उठ बे." झालं की. तीन शब्द.

चाटी गल्ली (सोमवार, रात्री १०.२३)

होटगीकर, 'फ्लेक्सवाली' लिहिलंय. वाली. चष्मा लाव.

होटगीकर (सोमवार, रात्री १०.२४)

चुकलं ताई. बे मागे घेतला. ओळ मागे घेणार नाही.

निवृत्त मास्तर (सोमवार, रात्री १०.५१)

शाळेच्या फळ्याला नावं ठेवू नका. बत्तीस वर्षं मी रोज सुविचार लिहिला आहे. मुळात भाषांतराची गरजच काय? आपल्याकडे आधीपासून आहेच सगळं. 'प्रयत्नांती परमेश्वर' ही दोन शब्दांत संपणारी ओळ आहे, याहून लहान काय हवं? पडण्या-उठण्याचंच म्हणाल तर 'पडलो तरी नाक वर' ही अस्सल मराठी म्हण आहे. ती वापरा.

दुभाषी (सोमवार, रात्री ११.३०)

मास्तर, रागावू नका, पण 'पडलो तरी नाक वर' हा टोमणा आहे. आपटला तरी तोरा जात नाही अशा माणसाला तो मारतात. भरतीत नापास झालेल्या पोराच्या स्टेटसला ही ओळ दिसली तर गल्ली हसेल. 'चढेल तो पडेल'चंही तसंच, ती तर चढूच नको म्हणून सांगते. आपल्या म्हणी सावध करण्यात आणि चिमटे काढण्यात पटाईत आहेत, पाठीवर थाप मारायला फारशा येत नाहीत. 'प्रयत्नांती परमेश्वर' अर्थाने बरोबर आहे, पण ती इतकी झिजलीय की डोळा तिच्यावर थांबत नाही. स्टेटस दोन सेकंदांत अंगठ्याने पुढे सरकतं.

फ्लेक्सवाली ताई, मी पुण्यात जाहिरातींचं आणि सबटायटलचं भाषांतर करते. माहेर सोलापूरच. तुमच्या पहिल्या ओळीवर आधी बोलू, कारण तिच्यात मोठी गंमत झालीय. "सात वेळा पडा, आठ वेळा उभे राहा" हे इंग्रजी विसरून, नुसतं मराठी म्हणून वाचा. मराठीत 'पडा जरा' म्हणजे काय? दुपारी जेवण झाल्यावर आई म्हणते ते. आणि 'पडला' आणि 'उभा राहिला' एका वाक्यात आले की तुम्हाला कोण दिसतं?

चाटी गल्ली (सोमवार, रात्री ११.३४)

उमेदवार!! सात वेळा पडला, आठव्यांदा उभा राहिला. डिपॉझिट जप्त.

होटगीकर (सोमवार, रात्री ११.३५)

आमच्या प्रभागात आहे एक. नाव घेत नाही.

फ्लेक्सवाली (सोमवार, रात्री ११.४१)

अरे देवा. माझ्या ध्यानातच आलं नाही. आणि मी निवडणुकीचे बॅनर छापते!

दुभाषी (सोमवार, रात्री ११.५८)

होतं असं. इंग्रजी शेजारी उघडं असलं की आपण मराठी वाचतच नाही, नुसतं ताडून बघतो. म्हणून माझी सवय अशी की भाषांतर केलेली ओळ वेगळ्या कागदावर लिहायची, मूळ झाकायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या कुणाला तरी वाचायला द्यायची, काही न सांगता. त्यांनी "म्हणजे?" विचारलं की ओळ गेली.

या ओळीत 'उभे राहा' काढून 'उठणे' घेतलं की निवडणूक आपोआप जाते, कारण उमेदवार उठत नाही, उभा राहतो.

तोक्यो रिटर्न (मंगळवार, सकाळी ७.०५)

ही ओळ मुळात इंग्रजी नाहीच. जपानी म्हण आहे, 'नाना कोरोबी या ओकी'. नाना म्हणजे सात, या म्हणजे आठ. 'कोरोबी'त कोलमडणं येतं आणि 'ओकी' म्हणजे उठणं, सकाळी झोपेतून उठणंसुद्धा. म्हणजे दुभाषींचा 'उठणे' इंग्रजीपेक्षा मुळाच्या जास्त जवळ आहे. लिहिताना चार चित्राक्षरं. तिच्यात पडा, उठा असा हुकूमही नाही. सात पडणी, आठ उठणी, एवढंच. तिथे दारुमा नावाची गोल बाहुली मिळते, ढकलली की आडवी होते आणि परत सरळ होते, तिच्याशी ही म्हण नेहमी जोडतात.

शंकेखोर (मंगळवार, सकाळी ९.१५)

सात वेळा पडलेला माणूस आठ वेळा कसा उठेल? पडलाच सातदा तर उठेलही सातदा. तर्कातच खोट असलेली ओळ पोरांना कशाला देता? भरतीच्या गणिताच्या पेपरात काय लिहितील?

होटगीकर (मंगळवार, सकाळी ९.२२)

सकाळी अंथरुणातून उठला ते एक. मग दिवसभरात सात. बेरीज आठ. पटलं?

शंकेखोर (मंगळवार, सकाळी ९.३०)

नाही.

तोक्यो रिटर्न (मंगळवार, सकाळी ९.४८)

मी शिकत असताना हाच प्रश्न विचारला होता. कुणी म्हणालं, बाळ जन्मतः आडवंच असतं, पहिलं उठणं तेच. कुणी म्हणालं, पडण्यापेक्षा उठणं एकने जास्त हवं एवढंच सांगायचंय, हिशेब करू नका. मला दोन्ही चालतात.

टॉवेलवाला (मंगळवार, दुपारी १.४०)

शीर्षक वाचून मला वाटलं टॉवेलवर ओळ टाकायचीय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत डिझाइनला आहे मी. आता आलोच आहे तर आमचं सांगतो.

लग्नाच्या आहेराला नाव विणलेले टॉवेल काढतात, तशी कुणीतरी मध्ये मराठी ओळ विणून मागितली होती. जकार्डवर अक्षर काढायचं म्हणजे आधी चौकटीच्या कागदावर एकेक घर भरायचं, हल्ली कॉम्प्युटरवर भरतो, पण घरं तीच. टेरी टॉवेलला वर धाग्याचे फासे असतात, त्यामुळे बारीक रेघ त्या लवेत बुडते. 'क' मोठा काढला तर छान दिसतो. 'स्वप्न'मधला अर्धा स आणि अर्धा प मात्र कुणालाच वाचता येईना. वरची मात्रा, खालचा उकार यांना जागा सोडली की ओळीची उंची वाढते. शेवटी गिऱ्हाइकाला सांगितलं, जोडाक्षर नसलेले शब्द आणा. गिऱ्हाईक चिडलं, पण आणले, आणि ओळ आधीपेक्षा चांगली झाली. 'प्रयत्न', 'ध्येय', 'आत्मविश्वास', 'स्वप्न' सगळं गेलं. राहिलं 'कर', 'चल', 'ऊठ', 'दम', 'कळ' असलं.

घरी आम्ही तेलुगू बोलतो, मराठी शाळेत शिकलो, त्यामुळे भाषेतलं जास्त कळत नाही. टॉवेलचं सांगितलं.

दुभाषी (मंगळवार, दुपारी २.३०)

टॉवेलवाले, कालपासून घोळवून मी जे सांगणार होते ते तुम्ही टॉवेलवर दाखवलंत. जोडाक्षरं वाईट असं नाही, पण भाषांतर करताना आपण इंग्रजी शब्दापुढे जो शब्द ठेवतो तो बहुधा संस्कृतातून उचललेला, लांब आणि जोडाक्षरी असतो. कन्सिस्टन्सीला सातत्य, माइंडसेटला मानसिकता. हे शब्द आपण अर्जात लिहितो, भांडताना वापरत नाही. आणि दम असलेली ओळ भांडणाच्या भाषेतूनच येते.

मला जुने एसएमएसचे दिवस आठवले. इंग्रजीत एका मेसेजमध्ये १६० अक्षरं मावायची, देवनागरीत लिहिलं की मर्यादा थेट ७०. त्यात 'स्वप्न' डोळ्याला दोन अक्षरं, पण मोजताना सहा: स, पायमोड, व, प, पायमोड, न. काना-मात्राही वेगळी मोजली जायची. गिऱ्हाइकाला दुसऱ्या मेसेजचे पैसे पडायचे म्हणून आम्ही एकेक मात्रा वाचवायचो. आता तेवढी टंचाई नाही, पण व्हॉट्सअ‍ॅपच्या अक्षरी स्टेटसमध्ये मजकूर वाढला की अक्षर आपोआप लहान होतं. शिक्षा तीच, बिल वेगळं.

आता ताईंची दुसरी ओळ. "सातत्य ही यशाची गुरुकिल्ली आहे." 'आहे'ने संपलेली ओळ माहिती देते, ती फळ्यावरच शोभते. आधी तो 'आहे' काढा. मग सातत्य काढा आणि स्वतःला विचारा, हे मी घरात कसं म्हणेन? मुलगा म्हणतो, "आज राहू दे ना, उद्या करतो." तुम्ही काय म्हणता?

सासुरवाशीण (मंगळवार, दुपारी ३.०२)

"रोज म्हणजे रोज!"

दुभाषी (मंगळवार, दुपारी ३.०५)

घ्या. झालं भाषांतर.

चाटी गल्ली (मंगळवार, दुपारी ३.०६)

+१. नाही म्हणजे नाही, आत्ता म्हणजे आत्ता, रोज म्हणजे रोज. माझ्या आजीची सगळी भाषणं याच साच्यातली.

सासुरवाशीण (मंगळवार, दुपारी ३.४०)

आता माझं ऐका, कारण स्टेटसने मला फार छळलंय. मी एकदा स्वतःसाठी म्हणून ठेवलं होतं, "आळस सोड, कामाला लाग." सकाळी चालायला जायचं ठरवलं होतं, बाकी काही नाही. नऊ वाजता नणंदेचा फोन, "वहिनी, कुणाला उद्देशून?" अकरा वाजता धाकट्या दिरांनी स्टेटस टाकलं, "ज्यांना आमचं काम दिसत नाही त्यांनी चष्मा बदलावा." चोवीस तासांनी माझं स्टेटस गेलं, अबोला पंधरा दिवस राहिला. तेव्हापासून मी फक्त गणपती ठेवते.

होटगीकर (मंगळवार, दुपारी ३.४४)

दिरांची ओळ भारी आहे पण.

दुभाषी (मंगळवार, सायंकाळी ६.२०)

सासुरवाशीण, हसू आलं, माफ करा. पण तुमच्या अबोल्यात या धाग्याचं अर्धं उत्तर आहे. इंग्रजीतला 'यू' सगळ्यांना एकच. मराठीत आज्ञा केली की लगेच प्रश्न उभा राहतो, कोण कुणाला सांगतंय? 'सोड' म्हटलं तर समोरचा लहान किंवा जवळचा. 'सोडा' म्हटलं तर भाषण. आणि स्टेटस बघणाऱ्यांत सासूबाई, शिक्षक, गिऱ्हाईक, शाळेतली मैत्रीण सगळे एका रांगेत. त्यातला प्रत्येक जण ती आज्ञा स्वतःला लावून बघतो.

बरं, आज्ञा टाळून 'मी' घेतलं तर लिंग आडवं येतं. "मी हरलो नाही" मुलाचं, "मी हरले नाही" मुलीचं. ताईंच्या सरांना एकच चित्र सगळ्यांना हवंय.

यातून मराठीत दोन वाटा आहेत आणि दोन्ही आपण रोज वापरतो. एक, '-णारच'. "करणारच." मी करणार, तू करणार, ती करणार, सगळ्यांना तेच रूप. दुसरी त्याहून चांगली, '-यचं'. "थांबायचं नाही." यात सांगणारा आणि ऐकणारा वेगळे राहत नाहीत, मुलगा-मुलगी नाही, लहान-मोठा नाही. मोर्चात "रडायचं नाही, लढायचं" का चालतं? कारण बोलणारा स्वतःला वगळत नाही. सासुरवाशीणीने "उद्यापासून चालायचं" ठेवलं असतं तर नणंदेला फोन करायला जागा नव्हती.

तिसरी ओळ याच वाटेने. मी असं केलं:
दमल्यावर नाही, संपल्यावर थांबायचं.

चाटी गल्ली (मंगळवार, सायंकाळी ६.३१)

'संपल्यावर' म्हणजे... आपण संपल्यावर का काम संपल्यावर? आमच्याकडे "तो संपला" वेगळ्या अर्थाने म्हणतात.

दुभाषी (मंगळवार, सायंकाळी ६.४०)

हाणलंत. मीच सांगितलेला नियम मी पाळला नाही. बदलते:

दमलं म्हणून नाही,
झालं म्हणून थांबायचं.

मध्ये एंटर मुद्दाम मारलाय. ताई, चित्र तुम्हीच करताय म्हणून तुम्हाला सोपं आहे, पण पोरं जेव्हा स्वतः टाइप करतात तेव्हा फोन वाटेल तिथे ओळ तोडतो आणि 'झालं' वरच्या ओळीला चिकटून वाया जातं.

निवृत्त मास्तर (मंगळवार, रात्री ९.१०)

यमक का वापरत नाही कुणी? यमक असलं की पाठ होतं. 'नो पेन नो गेन'चं मी आत्ता जेवताना केलं: 'कळ काढ, फळ खा.'

टॉवेलवाला (मंगळवार, रात्री ९.१८)

सर, हे विणता येईल. जोडाक्षर एक नाही!

दुभाषी (मंगळवार, रात्री ९.३५)

मास्तर, ही खरंच चांगली आहे. यमकाला माझा विरोध नाही, पण तीसच्या तीस ओळींत यमक आलं तर ट्रकमागच्या ओळी वाटतील. इथे चाललं, कारण कळ आणि फळ दोन्ही शब्द अर्थासाठी लागत होते, नुसत्या यमकासाठी ओढून आणलेले नाहीत. 'काढ, खा' ही आज्ञा आहे हे मान्य, पण खायला सांगितलं की कुणाला राग येत नाही.

फ्लेक्सवाली (मंगळवार, रात्री १०.४५)

दिवसभर दुकानात लग्नसराईची गर्दी होती, आत्ता सगळं वाचलं. दोन ओळी सुटल्या, एक मास्तरांनी बोनस दिली. पण सात-आठची राहिलीच. हे केलंय, बघा:

सातदा पडू, आठदा उठू.
पडलो सातदा, उठलो आठदा.
पडणं सात, उठणं आठ.

चाटी गल्ली (मंगळवार, रात्री १०.५०)

पडझड सात, उठाठेव आठ. (आमच्या शेजाऱ्यांसाठी.)

तोक्यो रिटर्न (मंगळवार, रात्री ११.०२)

तिसरी! जपानीत जशी आहे तशीच. क्रियापद नाही, हुकूम नाही, नुसता हिशेब मांडलाय.

दुभाषी (मंगळवार, रात्री ११.१५)

तिसरीला माझंही मत. पहिलीत 'पडू' म्हणजे पडायचा बेत केल्यासारखं वाटतं. दुसरीत मुली वगळल्या जातात. तिसरीत 'आठ' शेवटी येतो ते महत्त्वाचं, कारण गंमत त्या एका आकड्यात आहे. 'आठदा उठणं' असं उलटं केलंत तर मेली.

शंकेखोर (बुधवार, सकाळी ८.००)

हिशेब मांडलाय म्हणता आणि हिशेबच चुकलाय.

होटगीकर (बुधवार, सकाळी ८.०४)

पावसात सात रस्त्याला गाडीवरून पडलोय मी. लोकांनी उचललं. म्हणजे पडणं एक, उठणं शून्य. तू मोजत बस.

माझं मत तेच. "पडणं सात, उठणं आठ" हुशार आहे, पण ऐकून अंगात काही येत नाही. "पडलास? उठ बे" म्हटलं की मित्राने हात दिल्यासारखं वाटतं.

दुभाषी (बुधवार, सकाळी १०.२०)

होटगीकरांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. 'बे'त जो जिव्हाळा आहे तो माझ्या कुठल्याच व्याकरणात बसत नाही. पुण्यात मी चुकून 'बे' म्हटलं तर लोक वळून बघतात, भांडण झालंय का म्हणून. प्रश्न एवढाच, की अकॅडमीत मुली असतील, बाहेरगावची मुलं असतील. त्यांना ते हात देणं वाटेल का हाकलणं?

सासुरवाशीण (बुधवार, सकाळी १०.४१)

सोलापुरात मुलींनाही म्हणतात हो हल्ली. माझी पुतणी मैत्रिणींना सर्रास म्हणते.

निवृत्त मास्तर (बुधवार, सकाळी ११.००)

म्हणत असतील. छापू नये.

फ्लेक्सवाली (शनिवार, रात्री ९.३०)

निकाल सांगायला आले. सात ओळी दिल्या. "रोज म्हणजे रोज" सरांनी लगेच पहिल्या दिवसाला लावली. "दमलं म्हणून नाही, झालं म्हणून थांबायचं" पण घेतली, फक्त 'थांबायचं' लाल करा म्हणाले. मी 'झालं' लाल केलं. त्यांनी बघितलं, काही बोलले नाहीत.

"पडणं सात, उठणं आठ" मात्र नापास. सर म्हणाले, "छान आहे, पण पोरांना समजावून सांगावी लागेल, आणि पहाटे सहाला मी समजावत नाही." मग मी भीत भीत होटगीकरांची दाखवली, 'बे' काढून. ती उडी मारून घेतली. मुलींसाठी वेगळं चित्र केलं. म्हणजे आता दोन आहेत, "पडलास? उठ." आणि "पडलीस? उठ." दुभाषी ताईंचा एकाच चित्राचा नियम मोडला, पण पैसे दोन चित्रांचे मिळाले.

निवृत्त मास्तर (शनिवार, रात्री ९.४२)

'ऊठ'. दीर्घ. टॉवेलवाल्यांनी मंगळवारी बरोबर लिहिलं होतं. छापायच्या आधी बदला.

फ्लेक्सवाली (शनिवार, रात्री ९.४४)

सर!! बरं झालं. उद्या पहाटे जाणार होतं. बदलते.

होटगीकर (शनिवार, रात्री ९.५०)

बे काढल्यावर काय राहिलं त्यात. जाऊ दे. चहा पाज ताई.

फ्लेक्सवाली (शनिवार, रात्री ९.५५)

चहा पक्का. आता आठवी ओळ अडलीय, "ट्रस्ट द प्रोसेस". 'प्रक्रियेवर विश्वास ठेवा' लिहिलं तर आमचा पोऱ्या म्हणतो, पाण्याच्या प्लांटची जाहिरात का?

दुभाषी (शनिवार, रात्री १०.१०)

घरात कधी म्हणतो आपण हे? कुणाला घाई झालीय आणि आपल्याला माहितीय की होणार आहे, तेव्हा.

सासुरवाशीण (शनिवार, रात्री १०.१२)

झाकण काढू नको, शिजू दे.

टॉवेलवाला (शनिवार, रात्री १०.१५)

'शिजू दे' एवढंच ठेवलं तर? थोड्या घरांत बसतंय.

शंकेखोर (शनिवार, रात्री १०.२१)

काय शिजू दे? ते सांगावं लागेल ना?